‘शुक्रवारी पाचपर्यंत होकार द्या, नाहीतर निम्मी ऑर्डर दुसरीकडे जाईल’ : अशा मुदतीला उत्तर कसे द्यावे?

कुपवाडचा_यंत्रवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशिन शॉप आहे. पुण्याकडील एका कंपनीला आम्ही पंपाचे एक बिडाचे कव्हर मशिनिंग करून देतो. कास्टिंग कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील फाउंड्रीतून आम्हीच विकत घेतो, त्यावर टर्निंग, ड्रिलिंग आणि टॅपिंग करतो आणि तयार नग पाठवतो. महिन्याला साधारण १२०० नग जातात आणि नगाचा दर १००० रुपये आहे. माझ्या एकूण कामापैकी निम्म्याहून अधिक काम या एकाच नगावर अवलंबून आहे.

आज दुपारी तेथील खरेदी व्यवस्थापकांचा फोन आला. पुढील महिन्यापासून दर ८ टक्के कमी करा, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मेलवर होकार पाठवा, नाहीतर निम्मी ऑर्डर दुसऱ्या पुरवठादाराकडे वळवावी लागेल, असे त्यांनी सांगितले. कारण विचारले तर ‘वरून आदेश आहे’ एवढेच उत्तर मिळाले. गेल्या वर्षीही फेब्रुवारीतच असा फोन आला होता आणि तेव्हा ३ टक्क्यांवर मिटले होते. हे गृहस्थ बोलायला वाईट नाहीत, परंतु प्रत्येक वेळी ते तारीख आणि वेळ ठरवूनच बोलतात. त्यामुळे विचार करायला सवडच मिळत नाही आणि शेवटच्या तासाला काहीतरी मान्य करून मोकळे व्हावे असे वाटू लागते.

मला भांडायचे नाही आणि काम सोडायचेही नाही. ही मुदत खरी आहे की केवळ दाबण्यासाठी आहे, हे ओळखायचे कसे आणि शुक्रवारच्या आत नेमके काय करायचे, एवढेच विचारायचे आहे. ज्यांनी टेबलाच्या कोणत्याही बाजूला बसून असे व्यवहार केले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

---

रांगडा_मिरजकर

दादा, अजिबात घाबरू नका. या सगळ्या पोकळ धमक्या असतात. शुक्रवारी पाच वाजता फोन बंद ठेवा आणि सोमवारी काहीच घडले नाही अशा थाटात पुढचा माल पाठवा. एकदा मुदत मोडली की पुन्हा कोणी मुदत घालत नाही. माझ्या वाहतुकीच्या धंद्यात मी हेच करतो. गिऱ्हाईक ‘आत्ताच्या आत्ता सांगा’ म्हणाले की मी हमखास दुसऱ्या दिवशी सांगतो आणि दहातले नऊ जण थांबतात. गरज त्यांनाही असतेच.

---

संध्या_विटा

तुम्ही वेळेत माल देऊ शकत नसाल तर दुसरी पाळी सुरू करण्याचा विचार करावा. आमच्या यंत्रमागांवर मोठी ऑर्डर आली की आम्ही रात्रपाळी लावतो, त्यामुळे मुदतीची कटकटच राहत नाही.

---

कुपवाडचा_यंत्रवाला

संध्याताई, माल देण्याच्या मुदतीची अडचण नाही, माल वेळेवरच जातो. दर कमी करण्यास होकार देण्यासाठी त्यांनी मुदत घातली आहे, ती माझी अडचण आहे.

---

निवृत्त_खरेदीवाला

मी एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालो आणि आता साताऱ्यात राहतो. असे फोन मी स्वतः अनेकदा केले आहेत, म्हणून त्या बाजूने हे कसे दिसते ते सांगतो.

फेब्रुवारीत येणाऱ्या अशा फोनमागे बहुतेक वेळा वार्षिक बचतीचे उद्दिष्ट असते. खरेदी विभागातील प्रत्येकाला वर्षभरात किती टक्के बचत दाखवायची ते ठरवून दिलेले असते आणि वर्ष मार्चला संपते. पुरवठादारांची यादी समोर घेऊन एकच निरोप सगळ्यांना दिला जातो. काही जण भीतीने लगेच हो म्हणतात, काही जण अर्ध्यावर येतात आणि जे नीट हिशोब मांडतात त्यांचा विषय शेवटी ठेवला जातो. म्हणजे शुक्रवार ही तारीख तुमच्यासाठी नव्हे, संपूर्ण यादीसाठी असते. मात्र ३१ मार्च ही तारीख त्यांच्यासाठी खरी असते, हे लक्षात ठेवा.

मुदत खरी की बनावट हे ओळखण्यासाठी मी एकच गोष्ट पाहायला सांगेन. त्या तारखेमागे एखादी घटना आहे का, हे पाहावे. जहाजावर कंटेनर चढण्याची वेळ, असेंब्ली लाइन थांबण्याचा दिवस, मंजूर झालेला निधी परत जाण्याची तारीख या घटना आहेत आणि त्या कोणी फोनवर पुढे ढकलू शकत नाही. ज्या तारखेमागे नुसता वार आणि तास आहे, ती माणसाने ठरवलेली असते आणि माणूसच ती बदलू शकतो. म्हणून सरळ आणि शांतपणे विचारा, ‘शुक्रवारीच का? शुक्रवारनंतर आपल्याकडे पुढची कोणती पायरी आहे?’ खरी पायरी असेल तर तो माणूस तिचे नाव सांगतो. नसेल तर ‘वरून आदेश आहे’ हेच पुन्हा सांगतो.

दुसरी खूण फाउंड्रीत सापडेल. तुमच्या कव्हरचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा तयार होतो तो नमुना, शिरोलीत आहे. नवा पुरवठादार उभा करायचा तर त्याला कास्टिंग लागणार. त्यासाठी एकतर त्याच फाउंड्रीकडे चौकशी येणार किंवा पॅटर्न उचलून दुसरीकडे न्यावे लागणार. त्यानंतर नमुन्याचे नग, त्यांची मोजमापे, मंजुरी, पहिली चाचणी लॉट असा सगळा प्रवास असतो आणि माझ्या अनुभवात बिडाच्या मशिनिंगच्या नगाला त्यात दोन-तीन महिने सहज जातात. हे काम शुक्रवारी सुरू होऊन पुढच्या महिन्यात निम्मी ऑर्डर हलणे कठीण आहे. ते आधीच सुरू झालेले असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून फाउंड्रीवाल्यांना आजच एक फोन करा.

तिसरी खूण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जो खरेदीदार खरोखरच पुरवठादार बदलणार असतो, तो जाण्यापूर्वी जुन्याकडून जास्तीचा साठा करून घेतो, कारण मधल्या काळात त्याची लाइन थांबून चालत नाही. दर कमी करण्याची मागणी आणि त्याच सुमारास ‘या महिन्यात थोडे जास्त नग पाठवा’ अशी विनंती या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर सावध व्हा.

मिरजकर, तुमचा सल्ला अर्धा बरोबर आहे. बऱ्याच मुदती माणसांनीच ठरवलेल्या असतात हे खरे. परंतु फोन बंद ठेवणे मला मान्य नाही. व्यवस्थापकाने आपल्या साहेबांना ‘शुक्रवारपर्यंत उत्तर घेतो’ असे सांगितलेले असते. तुम्ही गप्प राहिलात तर त्याच्याकडे साहेबांना सांगण्यासारखे काहीच उरत नाही आणि मग केवळ शब्द राखण्यासाठी तो धमकी खरी करतो. मुदतीच्या आत उत्तर द्यावे, मात्र ते आपल्या हिशोबाचे असावे. या हिशोबासाठी तुमच्या १००० रुपयांची फोड लागेल, ती येथे देता येईल का?

---

कुपवाडचा_यंत्रवाला

काका, मनापासून आभार. फोड अशी आहे. कास्टिंग ८ किलोचे आहे आणि ते ९० रुपये किलोने ७२० रुपयांना पडते. पॅकिंग आणि पुण्यापर्यंतचे भाडे मिळून ५५ रुपये होतात. उरलेले २२५ रुपये मशिनिंगचे. या २२५ मध्ये ऑपरेटरची मजुरी ४० रुपये, वीज, इन्सर्ट, ड्रिल, कुलंट, तपासणी आणि खराब नग धरून ९२ रुपये, यंत्रांचा बँक हप्ता आणि शेडचे भाडे ७० रुपये आणि नफा २३ रुपये असा हिशोब बसतो.

फाउंड्रीत फोन केला होता. अजून कोणी पॅटर्नबद्दल किंवा त्या कास्टिंगच्या दराबद्दल विचारलेले नाही.

---

निवृत्त_खरेदीवाला

आता नीट पाहा. त्यांनी ८ टक्के मागितले ते पूर्ण दरावर, म्हणजे नगाला ८० रुपये. परंतु कास्टिंग आणि भाडे तुमच्या हातात नाही. हे ८० रुपये मशिनिंगच्या २२५ मधूनच जाणार, म्हणजे तुमच्या कामाच्या मोबदल्यात एक तृतीयांशाहून अधिक कपात होणार. फोनवर ‘फक्त ८ टक्के’ ऐकताना हे जाणवत नाही. वेळ कमी दिली की माणूस टक्क्यांवरच घासाघीस करत बसतो आणि फोड मांडायची राहून जाते, मुदत घालण्याचा खरा फायदा हाच असतो.

पुढचा हिशोब धमकीचा करू. सध्या मशिनिंगच्या २२५ मधून मजुरीचे ४० आणि चालू खर्चाचे ९२ वजा केले की नगामागे ९३ रुपये हप्ता, भाडे आणि नफ्यासाठी उरतात. तुम्ही ८ टक्के मान्य केले तर ९३ मधले ८० जाऊन १३ उरतील. महिन्याच्या १२०० नगांवर ते १५,६०० रुपये होतात आणि तुमचा हप्ता व भाडे मात्र ८४,००० रुपयांचे आहे. आता त्यांनी धमकी पूर्णपणे खरी केली असे समजा. ६०० नग जुन्या दराने राहिले तर ९३ रुपयांप्रमाणे ५५,८०० रुपये उरतील आणि निम्मी यंत्रे दुसऱ्या कामाला मोकळी होतील. म्हणजे होकार देण्यापेक्षा धमकी खरी झालेली तुम्हाला परवडते.

---

लेखापाल_विश्रामबाग

काकांच्या हिशोबात एक दुरुस्ती सुचवतो. ऑर्डर निम्मी झाली म्हणून ऑपरेटरांना लगेच घरी बसवता येत नाही आणि बसवूही नये. मजुरीचे ४८,००० रुपये दोन्ही परिस्थितींत द्यावेच लागतील असे धरू. मग ६०० नगांवर चालू खर्चाचे ९२ वजा जाता १३३ रुपयांप्रमाणे ७९,८०० येतील आणि मजुरी वजा करून ३१,८०० उरतील. पूर्ण ऑर्डर ८ टक्के कपातीने घेतली तर मात्र १५,६०० च राहतात. निष्कर्ष तोच राहतो, परंतु फरक बराच कमी होतो. उद्या त्यांनी निम्म्याऐवजी सगळीच ऑर्डर काढून घेण्याची धमकी दिली तर हा हिशोब उलटेल, कारण तेव्हा मजुरी खिशातून द्यावी लागेल. तेव्हा ‘धमकी परवडते’ हे वाक्य निम्म्या ऑर्डरपुरतेच खरे मानावे.

त्याचबरोबर पेमेंट किती दिवसांनी येते तेही सांगा.

---

कुपवाडचा_यंत्रवाला

ऑर्डरवर ४५ दिवस लिहिलेले आहे. प्रत्यक्षात ७५ दिवसांच्या आसपास पैसे येतात. माझी उद्यम नोंदणी आहे आणि क्रमांक बिलावर छापतो.

---

लेखापाल_विश्रामबाग

मग तुमच्या हातात एक गोष्ट आहे, जी तुम्ही अजून मोजलेली नाही. दरमहा १२ लाखांचे बिल ३० दिवस उशिरा येते. बँकेच्या कॅश क्रेडिटवर वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर दर महिन्याच्या बिलावर १२,००० रुपये, म्हणजे नगामागे १० रुपये तुम्ही त्यांच्यासाठी भरता आहात. एक टक्का सूट तुम्ही आजही देत आहातच, ती फक्त कोठे लिहिलेली नाही.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे थांबवता येत नाही. करारच नसेल तर ती मर्यादा १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देणे लागते. याशिवाय आयकर कायद्यात २०२३ साली एक सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे या मर्यादेत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च, ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणून मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे हिशोब विभाग थकीत बिलांच्या याद्या काढू लागतात. काका म्हणाले तशी ३१ मार्च ही त्यांची खरी मुदत आहे, आणि ती एका नव्हे तर दोन विभागांची आहे.

एक विनंती करतो. हा कायदा धमकी म्हणून वापरू नका. तक्रार करून व्याज वसूल करणे शक्य असते, परंतु निम्मे काम ज्या गिऱ्हाइकाचे आहे त्याच्याविरुद्ध ती शेवटची पायरी असावी.

---

द्राक्षबाग_तासगाव

येथे आमची गोष्ट सांगणे अस्थानी ठरणार नाही असे वाटते, कारण हंगामात आम्हा बागायतदारांवर अशी मुदत रोज येते. व्यापारी बागेत येतो, चार मणी खाऊन पाहतो, साखर मोजतो आणि चार किलोला अमुक दर सांगून म्हणतो, ‘आत्ता हो म्हणा, संध्याकाळी गाडी दुसऱ्या बागेत लावणार आहे.’ मिरजकर दादांचा उपाय येथे चालत नाही. आभाळ भरून आले असेल आणि माल पूर्ण तयार असेल तर मुदत व्यापाऱ्याची राहत नाही, ती आमच्या वेलीवरच लागलेली असते. पाऊस झाला की मणी तडकतात आणि त्यानंतर कोणताही हिशोब उपयोगाचा राहत नाही.

आम्ही त्यावर दोन गोष्टी करतो. पहिली म्हणजे व्यापाऱ्याने तोडणीची आणि पॅकिंगची माणसे कोठे बांधून ठेवली आहेत ते आधी काढतो. टोळी आमच्याच शिवारात उतरलेली असेल आणि गाडी भरण्याचा दिवस ठरलेला असेल, तर घाई त्यालाही असते. दुसरी गोष्ट म्हणजे सोनाका किंवा माणिक चमनसारखा माल असेल तर बेदाण्याच्या शेडवर जागा आधीच बोलून ठेवतो. साधारण चार किलो द्राक्षांना एक किलो बेदाणा पडतो, वाळायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि एकदा बेदाणा शीतगृहात गेला की तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात कधी काढायचा ते आम्ही ठरवतो. बेदाण्यातून नेहमी जास्त पैसे मिळतात असे नाही, शेडचे भाडे, डिपिंग ऑईल आणि मजुरी जाऊन पुष्कळदा कमीच मिळतात. परंतु जागा बोललेली असली की त्या संध्याकाळी व्यापाऱ्याशी बोलताना आवाज कापत नाही.

दादांनी हेच पाहावे. कव्हर गेले तर त्या यंत्रांवर काय लावणार, याचे उत्तर शुक्रवारपूर्वी मिळाले नाही तरी त्याचा शोध शुक्रवारपूर्वी सुरू झालेला असावा.

---

रांगडा_मिरजकर

ताई, तुमचे म्हणणे पटले. माझ्या गाड्या एक दिवस उभ्या राहिल्या तर नासत नाहीत, म्हणून मला थांबणे जमते. मात्र एक विचारतो. आपली स्वतःची अडचण समोरच्याला सांगावी का? आपला हप्ता अमुक तारखेला आहे किंवा माल अमुक दिवसात गेलाच पाहिजे, हे कळले की तो आणखी दाबणार नाही का?

---

निवृत्त_खरेदीवाला

याचे उत्तर दोन प्रकारे द्यावे लागेल. पैशाची अडचण सांगू नये, कारण ती फक्त तुमची असते. परंतु ज्या तारखेला सौदा दोघांसाठीही संपतो, ती तारीख लपवू नये. डॉन मूर या अमेरिकी अभ्यासकाने यावर प्रयोग केले आहेत. आपली मुदत सांगितली तर आपण कमजोर पडू असे बहुतेकांना वाटते, परंतु अंतिम मुदत सांगणाऱ्यांना लपवणाऱ्यांपेक्षा बरा सौदा मिळाला असे त्यांत दिसले. कारण सरळ आहे. आठ दिवसांनी तुमची यंत्रे दुसऱ्या कामाला लागणार असतील तर त्याच्याजवळही आठच दिवस असतात. हे त्याला ठाऊक नसेल तर तो आरामात ताणत बसतो.

---

द्राक्षबाग_तासगाव

काका, येथे माझे मत वेगळे आहे. आमच्याकडे व्यापारी एक आणि बागा शंभर असतात. माझा माल दोन दिवसांत गेलाच पाहिजे हे त्याला कळले तर तो दोन दिवस थांबतो, कारण त्याचा सौदा संपत नाही, तो शेजारच्या बागेत चालूच राहतो.

---

निवृत्त_खरेदीवाला

ताई, हे मान्य आहे. जेथे मुदत एकट्यालाच बांधते तेथे माझा नियम लागू होत नाही.

आता धागाकर्त्यांसाठी उत्तराचा आशय सुचवतो. मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, परंतु क्रम असा ठेवा. धमकीचा उल्लेखही करू नका आणि तिला विरोधही करू नका. ज्या वाक्याला तुम्ही उत्तर देता ते वाक्य त्या माणसाला पुढे निभवावे लागते आणि ज्याला उत्तरच दिले नाही ते तो गुपचूप सोडून देऊ शकतो.

‘आपल्या बुधवारच्या फोननुसार दराचा विचार केला. सोबत नगाच्या दराची फोड जोडली आहे. यातील ७२० रुपये कास्टिंगचे असून ते फाउंड्रीच्या दरानुसार बदलतात, त्यामुळे तो भाग वेगळा लिहावा आणि दर तिमाहीला तपासावा असे सुचवतो. खोक्यांऐवजी परत येणारे प्लास्टिक क्रेट वापरले आणि आठवड्यात तीनऐवजी दोन फेऱ्या ठेवल्या तर नगामागे १५ रुपयांची बचत होते. ती संपूर्ण बचत आम्ही १ एप्रिलपासून आपल्याला देऊ. त्यासाठी पुढील दोन आठवड्यांचे वेळापत्रक निश्चित मिळावे आणि बिले ऑर्डरप्रमाणे ४५ दिवसांत चुकती व्हावीत. हा प्रस्ताव १५ मार्चपर्यंत खुला आहे, कारण त्यानंतर आम्हाला पुढील तिमाहीतील यंत्रांचे नियोजन करावे लागते. प्रत्यक्ष भेटून फोड समजावून सांगण्यास सोमवारी किंवा मंगळवारी येऊ शकतो.’

यात तुम्ही १५ रुपये, म्हणजे दीड टक्का दिला, परंतु तो खिशातून नव्हे तर खर्चातून दिला. व्यवस्थापकाला साहेबांपुढे ठेवायला आकडा मिळाला. तुम्ही तारीखही दिली आहे आणि तिच्यामागे यंत्रांच्या नियोजनाचे कारण आहे. मात्र ती १५ मार्चची तारीख खरी असेल तरच लिहा. आपण स्वतः बनावट मुदत घातली आणि ती पाळली नाही, तर पुढच्या फोनला आपल्या शब्दाला किंमत राहत नाही.

---

लेखापाल_विश्रामबाग

मसुदा उत्तम आहे, फक्त ४५ दिवसांच्या ओळीवर माझा आक्षेप आहे. जे ऑर्डरवर लिहिलेले आहे आणि कायद्यानेही मिळते, ते सवलतीच्या बदल्यात का मागायचे? उद्या ते म्हणतील की दीड टक्का बंद केला तर पुन्हा ७५ दिवस लावू. ही ओळ वेगळ्या पत्रात, थकीत बिलांच्या यादीसह त्यांच्या हिशोब विभागाकडे जावी. मार्चमध्ये तेथे ती लवकर वाचली जाईल.

---

निवृत्त_खरेदीवाला

तत्त्वतः आपले बरोबर आहे. परंतु दोन विभागांना दोन पत्रे गेली की खरेदीवाल्याला आपली वर तक्रार झाली असे वाटते, हेही मी पाहिले आहे. मी ती ओळ याच पत्रात ठेवेन. निर्णय धागाकर्त्यांनी घ्यावा.

---

कुपवाडचा_यंत्रवाला

मंडळी, पुढे काय घडले ते सांगतो. गुरुवारी दुपारीच मेल पाठवला. ४५ दिवसांची ओळ ठेवली, मात्र ‘ऑर्डरमधील अटीप्रमाणे’ असे शब्द घातले, म्हणजे ती नवी मागणी वाटू नये. १५ मार्च ही तारीख विचार करूनच लिहिली, कारण पलूसकडच्या एका कारखान्याचे व्हॉल्व्ह बॉडीचे काम एप्रिलपासून घ्यायचे का, हे मला त्याच सुमारास कळवायचे आहे. द्राक्षबाग ताईंचा संदेश वाचूनच मी त्यांच्याकडे गेलो होतो.

शुक्रवारी पाच वाजून गेले, फोन आला नाही. तो वेळ कठीण गेला, हे मान्य करतो. सोमवारी दुपारी व्यवस्थापकांनी फोन केला आणि शुक्रवारचा विषयही काढला नाही. कास्टिंगचा दर वेगळा लिहिण्यास त्यांची तयारी आहे, क्रेटची कल्पना त्यांना आवडली, परंतु ‘साहेबांना ५ टक्के दाखवावेच लागतील आणि २८ तारखेपर्यंत कळवा’ असे म्हणाले.

मात्र त्याच बोलण्यात या महिन्यात ४०० नग जास्तीचे मिळतील का, असेही त्यांनी विचारले. काकांनी सांगितलेली तिसरी खूण आठवली आणि मी ‘पाहून सांगतो’ म्हणून थांबलो. फाउंड्रीत पुन्हा विचारले, पॅटर्न जागेवर आहे आणि कोणाची चौकशी नाही.

---

रांगडा_मिरजकर

एकदा सरकलेली मुदत पुन्हा सरकते. ५ टक्केही देऊ नका आणि जास्तीचे नगही देऊ नका. साठा झाला की ते तुम्हाला सोडून जातील.

---

निवृत्त_खरेदीवाला

मुदत सरकली याचा अर्थ शुक्रवारमागे घटना नव्हती, एवढाच घ्यावा. २८ तारखेमागेही घटना नाही, असा त्यातून निष्कर्ष निघत नाही. मार्चच्या आकड्यांत बचत दिसायची तर फेब्रुवारीअखेर दराची दुरुस्ती प्रणालीत चढवावी लागते, त्यामुळे ही तारीख पहिल्यापेक्षा अधिक खरी असू शकते. शुक्रवारमागची पायरी विचारायला सांगितली होती, तशीच याही वेळी विचारा.

चारशे नगांचा अर्थ आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. उन्हाळ्यापूर्वी पंपांची मागणी वाढते, म्हणून साठा नेहमीच्या कारणासाठीही मागितला असेल. नकार देऊ नका, कारण नकार दिलात तर दुसरा पुरवठादार शोधण्याचे कारण तुम्हीच हातात द्याल. वेगळी लेखी ऑर्डर, चालू दर आणि एप्रिल ते जूनचे अपेक्षित वेळापत्रक या तीन गोष्टी मागा. जो राहणार असतो त्याला वेळापत्रक द्यायला अडचण नसते.

---

लेखापाल_विश्रामबाग

आणि ते चारशे नग पाठवण्यापूर्वी आधीची ४५ दिवस उलटलेली बिले किती आहेत ती बेरीज करा. साठा वाढवताना तुमची थकबाकीही वाढणार आहे. जास्तीच्या नगांच्या कास्टिंगचे पैसे फाउंड्रीला तुम्हीच आधी देणार, ते ४०० नगांचे २,८८,००० रुपये होतात. निदान थकलेली बिले चुकती झाल्यावर माल निघेल, असे ठरवून घ्या.

---

कुपवाडचा_यंत्रवाला

दोन्ही सूचना घेतो. चारशे नगांसाठी वेगळी ऑर्डर आणि तिमाहीचे वेळापत्रक मागणारा मेल आज पाठवतो आहे, थकीत बिलांची यादी सोबत जोडतो. ५ टक्क्यांवर उत्तर २६ तारखेला देईन. कास्टिंग वगळून उरलेल्या २८० रुपयांवर ५ टक्के धरले तर ते १४ रुपये होतात आणि तेवढे मी आधीच देऊ केले आहेत, असे त्यांना दाखवता येईल का याचा विचार करतो आहे. काका, खरेदी विभागात अशी मांडणी चालते का?

---

निवृत्त_खरेदीवाला

कास्टिंगची ओळ त्यांनी लेखी वेगळी केली असेल तर चालते. आधी ती दुरुस्ती हातात घ्या आणि मगच १४ रुपयांचे बोला.